एकदाच बघा, तेव्हाच ठरवा

रोज एक व्हिडिओ कापून बाहेर काढणाऱ्या माणसाचा सर्वांत जास्त वेळ आधी पाहिलेला शॉट पुन्हा शोधण्यात जातो. मुलाखत एकदा ऐकून झालेली असते, त्यातलं चांगलं वाक्य कानात राहिलेलं असतं, पण ते नेमकं कुठल्या क्लिपमध्ये आणि कितव्या मिनिटाला होतं हे आठवत नाही. मग तीच अठरा मिनिटं पुन्हा चाळावी लागतात. व्हीओ आल्यावर त्यावर लावायला विज्युअल हवीत म्हणून सगळे कटअवे तिसऱ्यांदा बघितले जातात. शेवटी कोणीतरी विचारतं, ‘तो ट्रॅक्टरच्या रांगेचा लांब शॉट होता ना?’, आणि चौथी फेरी सुरू होते. कात्री चालवण्याचं काम या सगळ्याच्या मानाने थोडंसंच असतं.

म्हणून कीबोर्ड शॉर्टकटकडे नुसता बोटांचा वेग म्हणून बघू नये. शॉर्टकटचा खरा उपयोग असा, की फुटेज पहिल्यांदा बघतानाच घेतलेला निर्णय त्याच क्षणी क्लिपवर नोंदवला जातो आणि तो पुन्हा घ्यावा लागत नाही. हे प्रकरण फायनल कट प्रो डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. क्लिपच्या एखाद्या तुकड्याला ‘आवडता’ किंवा ‘नापसंत’ असा शेरा देऊन पुढची सगळी निवड त्या शेऱ्यावरून करण्याची सोय या सॉफ्टवेअरमध्ये पायापासून बांधलेली आहे. प्रीमियर किंवा रिझॉल्व्हवाल्यांनी काय करावं, ते शेवटाकडे थोडक्यात येईल.

उदाहरणासाठी एक रोजचंच काम घेऊ. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव आहे, तिथून तीन मिनिटांचं पॅकेज संध्याकाळी द्यायचं आहे. हातात आलेलं फुटेज साधारण बेचाळीस मिनिटांचं: अठरा मिनिटांची एका शेतकऱ्याची मुलाखत आणि चोवीस मिनिटांचे कटअवे. त्यात ट्रॅक्टरची रांग, लिलाव पुकारणारे, कांदा हातात घेऊन पारखणारे व्यापारी, वजनकाटा, हमाल आणि रिकामी होणारी ट्रॉली. हे सगळं इम्पोर्ट झालेलं आहे असं धरू.

एक गोष्ट शेरे द्यायच्या आधी उरकून घ्यायची. शेतकऱ्याच्या शर्टाला लावलेल्या माइकचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर असेल, तर तो आधी कॅमेऱ्याच्या क्लिपशी सिंक करून घ्या. सिंक केल्यावर ब्राउझरमध्ये एक नवीन क्लिप तयार होते. मूळ क्लिपवर तुम्ही नंतर कितीही शेरे मारलेत तरी ते या नव्या क्लिपवर येत नाहीत. उलट क्रमाने काम करणाऱ्याला सगळी मुलाखत पुन्हा ऐकावी लागते आणि आपण वाचवायला निघालेला वेळ तिथेच संपतो.

आता बघायला बसू. उजव्या हाताची तीन बोटं J, K आणि L वर ठेवा. L ने क्लिप पुढे चालते, J ने मागे, K ने थांबते. L दोनदा दाबलं की वेग दुप्पट होतो, आणखी दाबलं की आणखी वाढतो. त्यांच्या अगदी वरच्या ओळीत I आणि O आहेत: I म्हणजे इथून, O म्हणजे इथपर्यंत. डाव्या हाताचं एक बोट F वर. हा तुमचा बघण्याचा सगळा संच. कीबोर्डवरच्या या जागा अशा आहेत की हात न हलवता, कीबोर्डकडे न बघता, डोळे चित्रावर ठेवून काम करता येतं.

मुलाखत नेहमीच्या वेगाने ऐका. भाव काय मिळाला हा प्रश्न शेतकऱ्याला तीनदा विचारला गेला आहे असं समजा. पहिल्या वेळी तो अडखळला, दुसऱ्या वेळी मागून ट्रॅक्टरचा भोंगा वाजला, तिसऱ्या वेळी त्याने एका दमात सांगितलं, की चाळीत ठेवलेला कांदा सडून किती गेला आणि उरलेल्याला क्विंटलमागे काय मिळालं. तिसरं उत्तर सुरू होण्याच्या जरा आधी, तो श्वास घेतो तिथे, I दाबा. उत्तर संपलं की लगेच थांबू नका. तो गप्प होऊन एक क्षण खाली बघतो तेवढंही येऊ द्या आणि मग O दाबा. त्यानंतर F. क्लिपच्या त्या तुकड्यावर वरच्या बाजूला हिरवी रेघ उमटते. क्लिप चालूच आहे, तुम्ही पुढचं उत्तर ऐकताय.

इथे रेंज सैल ठेवणं महत्त्वाचं आहे. शेरा देताना अचूक कट शोधत बसलात तर फ्रेम-फ्रेम मागेपुढे करण्यात ऐकण्याचा ओघ तुटतो. बारीक कापणं टाइमलाइनवर होणारच आहे, आणि तिथे बाईटच्या दोन्ही टोकांना थोडा मोकळा भाग असला तर आवाज आत-बाहेर सरकवायला जागा मिळते. शेऱ्याने फक्त एवढंच सांगायचं आहे की हे वापरण्यासारखं आहे.

या टप्प्यावर दोन घोळ हमखास होतात आणि दोन्ही डोळ्यांना दिसतात, फक्त बघायची सवय हवी. पहिला O विसरण्याचा. आधीच्या रेंजच्या पुढे जाऊन तुम्ही नवीन I दाबलंत की रेंज तिथून थेट क्लिपच्या शेवटापर्यंत धरली जाते. O न दाबता F दाबलंत तर उरलेली सगळी क्लिप ‘आवडती’ होते. हिरवी रेघ क्लिपच्या टोकापर्यंत गेलेली दिसली की समजायचं, O राहिलं. तोच भाग निवडलेला असताना U दाबलं की शेरा निघतो.

दुसरा घोळ स्किमरचा. फायनल कटमध्ये माउस क्लिपवरून नुसता फिरवला तरी त्याच्याबरोबर चित्र चालतं, आणि स्किमर सुरू असताना I आणि O हे स्किमर जिथे आहे तिथे लागतात. ट्रॅकपॅडला मनगट लागलं तरी रेंज भलतीकडे सुरू होते. तुम्ही ऐकलेलं उत्तर एक आणि हिरवी रेघ दुसऱ्याच उत्तरावर, असं दिसलं तर कारण बहुधा हेच असतं. मुलाखत कीबोर्डवर ऐकायची असेल तेव्हा S दाबून स्किमिंग बंद करा. कटअवे चाळायला लागलात की परत S दाबून सुरू करा, कारण आवाजाचा प्रश्न नसलेल्या शॉटवरून माउस फिरवणं हाच सर्वांत जलद मार्ग आहे.

मराठीत काम करणाऱ्यांना तिसरीही एक अडचण येते. टायटल किंवा नावपट्टी मराठीत टाइप करून तुम्ही परत टाइमलाइनवर येता आणि एकही शॉर्टकट चालत नाही. सॉफ्टवेअर अडकलं असं वाटून माणसं ते बंद करून पुन्हा सुरू करतात. बहुतेक वेळा कीबोर्ड अजून देवनागरीवरच राहिलेला असतो आणि एकेरी अक्षरांच्या शॉर्टकटना रोमन अक्षर हवं असतं. मॅकच्या वरच्या पट्टीतली भाषेची खूण बघा आणि इंग्रजीवर या. सगळ्या टायटल शेवटी एकदमच टाइप करायच्या असा शिस्तीचा नियम मी तरी पाळतो, त्याचं हेही एक कारण आहे.

कटअवेंच्या बाबतीत मात्र क्रम उलटा ठेवा: आधी नापसंत, मग आवडतं. घरात तांदूळ निवडताना आपण चांगला दाणा उचलत नाही, खडा उचलून टाकतो. चोवीस मिनिटांच्या विज्युअलमध्ये खडे ओळखायला सोपे असतात: कॅमेरा चालू राहून जमीन दिसणारा भाग, फोकस शोधणारं चित्र, पॅन सुरू करून मध्येच सोडून दिलेला शॉट, कोणीतरी लेन्ससमोरून गेलेलं. असा भाग I आणि O ने धरा आणि Delete दाबा. क्लिपवर लाल रेघ येते. ब्राउझरच्या फिल्टरमध्ये Hide Rejected निवडलेलं असेल, त्याचा शॉर्टकट Control-H, तर तो भाग नजरेसमोरून निघून जातो आणि उरलेलं फुटेज आपोआप आटोपशीर होतं.

Delete या शब्दाने नवखा माणूस बिचकतो. ब्राउझरमध्ये निवडलेल्या भागावर Delete दाबल्याने काहीही पुसलं जात नाही, फक्त शेरा बसतो. Control-Delete ने नापसंत केलेलं सगळं पुन्हा समोर आणता येतं आणि U दाबून शेरा काढता येतो. पण Command-Delete वेगळं आहे. त्याने क्लिप इव्हेंटमधून उचलली जाऊन ट्रॅशमध्ये जाते. आणि तेच साधं Delete टाइमलाइनवर दाबलं तर टाइमलाइनवरची निवडलेली क्लिप निघते. म्हणजे कळ एकच, पण सध्या कुठल्या खिडकीत आहात त्यावर तिचा अर्थ ठरतो. त्यामुळे ब्राउझरमध्ये जायला Command-1 आणि टाइमलाइनवर यायला Command-2 हे दोन शॉर्टकट हाताला बसलेच पाहिजेत. Delete च्या आधी Command-1 दाबण्याची सवय लावून घेतलीत तर पुढचे बरेच मनस्ताप टळतील.

खडे निघाले की उरलेल्या विज्युअलमधली खरोखर लागणारी F ने धरा. इथे हात आखडता ठेवावा. फायनल कटमध्ये फोटो निवडायच्या सॉफ्टवेअरसारखे एक ते पाच तारे नाहीत. आवडतं, नापसंत आणि ज्यावर काहीच शेरा नाही ते, असे तीनच कप्पे आहेत. काहींना ही उणीव वाटते. रोजच्या कामाला मला ती सोय वाटते, कारण तीन तारे की चार तारे याचा विचार करण्यात जाणारा वेळ पुढे कुठेच परत मिळत नाही. मात्र कप्पे थोडे असले की आवडत्याचा कप्पा फुगण्याचा धोका असतो. बाईटचं आवडतं फुटेज पॅकेजमध्ये लागणाऱ्या बाईटच्या दुपटीहून जास्त झालं, तर निवड झालीच नाही असं समजा. आपल्या उदाहरणात तीन मिनिटांपैकी दीड-पावणेदोन मिनिटं शेतकऱ्याचं बोलणं असेल, म्हणजे मुलाखतीतलं साडेतीन मिनिटांच्या आसपास हिरवं हवं. विज्युअलमध्ये थोडं सैल चालतं, चारेक मिनिटं ठेवायला हरकत नाही.

आता Control-F दाबा. ब्राउझरमध्ये फक्त आवडते तुकडे राहतात. बेचाळीस मिनिटांचा ढीग साडेसात मिनिटांवर आलेला असतो. मुलाखत पुन्हा ऐकायची तर आता अठरा मिनिटं लागणार नाहीत, साडेतीनच लागतील. लिस्ट व्ह्यूमध्ये क्लिपपुढचा त्रिकोण उघडला की प्रत्येक आवडता तुकडा Favorite या नावाने वेगळ्या ओळीत दिसतो, आणि ते नाव बदलता येतं. ‘सडलेला कांदा’, ‘मजुरीचा खर्च’, ‘पुढच्या वर्षी लावणार नाही’ अशी दोन-तीन शब्दांची नावं दिली की ती यादीच पॅकेजचा आराखडा होते. स्क्रिप्ट लिहिणारा शेजारी बसला असेल तर त्याला फक्त ही यादी दाखवा. व्हीओमध्ये काय सांगायचं आणि शेतकऱ्याच्या तोंडून काय येऊ द्यायचं हे त्याला तिथेच ठरवता येतं. पाच-सहा नावं टाइप करायला एखादं मिनिट जातं, तेवढं द्यावं. ही नावं मराठीत टाइप केलीत तर नंतर इंग्रजीवर यायला विसरू नका.

मुलाखतीतले सगळे आवडते तुकडे निवडा आणि E दाबा. टाइमलाइनच्या शेवटी ते एकामागून एक जाऊन बसतात. सगळे एकदम निवडले तर ब्राउझरमध्ये ज्या क्रमाने दिसत होते त्याच क्रमाने ते येतात, म्हणून E दाबायच्या आधी क्रम एकदा बघून घ्या. वाटल्यास एकेक तुकडा हव्या त्या क्रमाने निवडून E दाबत जा, सहा बाईट असतील तर तेही काही सेकंदांचंच काम आहे. मग बारीक कापणी: प्लेहेड वाक्याच्या सुरुवातीला नेऊन Option-[ दाबलं की त्याच्या आधीचा भाग निघून जातो, शेवटी नेऊन Option-] दाबलं की नंतरचा. ब्लेडने तुकडा करून तो निवडून काढण्यापेक्षा ही एक कळ बरी, आणि मागचं सगळं सरकून जागाही भरली जाते. एखादी फ्रेम इकडे-तिकडे करायची तर कापाची कड निवडून स्वल्पविराम आणि पूर्णविराम या कळा वापराव्यात. स्वल्पविरामाने ती एक फ्रेम डावीकडे जाते, पूर्णविरामाने उजवीकडे. Shift धरलं तर दहा फ्रेम.

इथपर्यंत मार्करचं नाव घेतलं नाही, त्याला कारण आहे. पुष्कळ जण फुटेज बघतानाच जागोजागी M दाबत सुटतात. मार्कर हा एक बिंदू असतो. चांगलं वाक्य कुठून कुठपर्यंत आहे ते त्याला सांगता येत नाही, आणि नुसत्या मार्करवरून क्लिप उचलून टाइमलाइनवरही टाकता येत नाही. फुटेज निवडण्यासाठी रेंज आणि शेरा वापरावा, मार्कर टाइमलाइनसाठी राखून ठेवावा. तिथे त्याची दोन कामं आहेत.

पहिलं काम व्हीओवर चित्र बसवण्याचं. पॅकेजचा कणा म्हणजे मुख्य स्टोरीलाइनवर एकाआड एक बसलेले व्हीओ आणि बाईट. व्हीओचा चाळीस सेकंदांचा तुकडा चालू करा आणि ऐकता ऐकता जिथे चित्र बदलावंसं वाटेल तिथे M दाबा. ‘पहाटेपासून ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या’ इथे एक, ‘लिलाव सुरू झाला’ इथे दुसरा, ‘मालाची पारख झाली’ इथे तिसरा. कानाने दिलेली ही विभागणी डोळ्याने वेव्हफॉर्म बघून केलेल्या विभागणीपेक्षा सरस उतरते, कारण प्रेक्षकही व्हीओ ऐकतच असतो. मात्र बोलण्यावर मारलेला मार्कर थोडा उशिरा पडतो. ऐकू आल्यावर बोट खाली जाईपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो, आणि 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर तेवढ्यात पाच फ्रेम निघून गेलेल्या असतात. मार्करवर उभं राहून Control धरून स्वल्पविराम दाबला की तो एकेक फ्रेम मागे सरकतो. संगीताच्या ठेक्यावर मार्कर मारताना हा उशीर फारसा होत नाही, कारण पुढची थाप कधी पडणार हे हाताला आधीच कळलेलं असतं.

मग कटअवे. Shift-2 दाबा, म्हणजे ब्राउझरमधून येताना क्लिपचं फक्त चित्र येईल, आवाज येणार नाही. Control-; आणि Control-' या कळांनी मागच्या आणि पुढच्या मार्करवर उडी मारता येते. पहिल्या मार्करवर या, ब्राउझरमध्ये ट्रॅक्टरच्या रांगेचा आवडता तुकडा निवडा आणि Q दाबा. शॉट व्हीओच्या वर जोडला जातो. पुढच्या मार्करवर उडी मारा, जोडलेला शॉट निवडलेला आहे ना हे बघा आणि Option-] दाबा. शॉट बरोबर मार्करवर संपतो. तिथेच पुढचा शॉट निवडून पुन्हा Q. चाळीस सेकंदांच्या व्हीओला आठ-दहा शॉट लागतात, आणि प्रत्येकाला एवढ्याच कळा लागतात. माउस फक्त ब्राउझरमधला शॉट निवडायला.

हे झालं की Shift-1 दाबायचं, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही पुन्हा सुरू होतात. हे विसरलं तर पुढची बाईट मुकी येते: चित्र बसतं पण खाली वेव्हफॉर्म दिसत नाही. लिलावाच्या पुकाऱ्यासारखा ज्याचा मूळ आवाज हवा असा शॉट टाकायच्या आधीही Shift-1 लागतं. बाजारातलं पॅकेज नुसत्या व्हीओवर चाललं तर मरगळलेलं वाटतं. सुरुवातीला दोन-तीन सेकंद पुकाऱ्याचा खरा आवाज येऊ दिला की प्रेक्षक त्या आवारात जाऊन उभा राहतो. म्हणून असा आवाज असलेले तुकडे निवडतानाच त्यांच्या नावात ‘आवाज’ असं लिहून ठेवा.

मार्करचं दुसरं काम राहिलेल्या कामाची आठवण. शेतकरी भाव सांगतो तिथे आकडा बाजार समितीकडून पडताळायचा आहे. एका व्यापाऱ्याने चेहरा दाखवू नका असं सांगितलं आहे, तो शॉट झाकायचा आहे. नावपट्टीतलं गावाचं नाव तपासायचं आहे. अशा जागी M लागोपाठ दोनदा दाबलं की मार्कर पडतो आणि त्याची छोटी खिडकीही उघडते. तिथे ‘भाव पडताळा’ असं लिहा आणि साध्या निळ्या मार्करऐवजी टू-डू प्रकार निवडा. मार्कर लाल होतो. काम झालं की त्यावर पूर्ण झाल्याची खूण करायची, तो हिरवा होतो. टाइमलाइन इंडेक्स उघडून त्यातल्या Tags मध्ये हे सगळे मार्कर यादीने दिसतात, आणि यादीतल्या ओळीवर क्लिक केलं की प्लेहेड त्या जागी जातो. एक्सपोर्टच्या आधी यादीत एकही लाल मार्कर उरलेला नसावा, ही अट मी सोडत नाही. दोघं जण पाळीपाळीने एकाच मशीनवर काम करत असतील तर कागदावरची चिठ्ठी हरवते, टू-डू मार्कर प्रोजेक्टबरोबरच राहतो.

पण त्यालाही मर्यादा आहे, आणि ती नीट ओळखायला हवी. फायनल कटमध्ये मार्कर टाइमलाइनच्या पट्टीवर बसत नाही, क्लिपवर बसतो. क्लिप हलली तर तो तिच्याबरोबर जातो, ही चांगली गोष्ट. पण क्लिपचा मार्करवाला भाग कापला गेला तर मार्करही दिसेनासा होतो, आणि इंडेक्सच्या यादीत तो नसल्यामुळे काम झालं असा समज होतो. ज्या कामाचा संबंध एखाद्या शॉटशी नसून पूर्ण पॅकेजशी आहे, उदाहरणार्थ ‘शेवटी लोगो टाका’, त्याचा मार्कर बाईटवर मारू नका. तो अशा क्लिपवर मारा जी नक्की हलणार किंवा कापली जाणार नाही. मी तो शेवटच्या व्हीओवर ठेवतो.

नारिंगी चॅप्टर मार्कर हा तिसरा प्रकार. एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये त्याने प्रकरणं पडतात. यूट्यूबवर प्रकरणं हवी असतील तर मात्र व्हिडिओच्या वर्णनात वेळ लिहावी लागते. पहिली नोंद 00:00 ची असावी लागते, निदान तीन नोंदी लागतात आणि प्रत्येक प्रकरण किमान दहा सेकंदांचं लागतं. तीन मिनिटांच्या पॅकेजला याची गरज नसते.

कळांचं म्हणाल तर वर आलेल्या वीस-पंचवीस पुरतात. त्यातल्याही I, O, F, Delete, E, Q, M आणि Option-जोडीच्या दोन यांच्यावर दिवसाचं बहुतेक काम होतं. Option-Command-K ने कमांड एडिटर उघडतो आणि तिथे हव्या त्या कळा हव्या त्या कामाला लावता येतात. सुरुवातीलाच मूळ कळा बदलू नका. ऑफिसच्या सामायिक मशीनवर तुम्ही बदललेला संच दुसऱ्याच्या शिफ्टला गोंधळात टाकतो आणि दुसऱ्या मशीनवर बसलात की तुमचा हात चुकतो. बदल करायचाच तर मूळ संचाची प्रत काढून तिच्यात करा, तो संच एक्सपोर्ट करून फाइल जवळ ठेवा आणि जिथे बसाल तिथे इम्पोर्ट करा.

प्रीमियरमध्ये एका क्लिपच्या तुकड्याला असा शेरा देता येत नाही. तिथे I आणि O ने रेंज धरून Command-U ने सबक्लिप करतात, किंवा चांगले तुकडे एका वेगळ्या सिक्वेन्सवर टाकत जातात आणि त्यातून पॅकेज उभं करतात. शहाण्या एडिटरच्या प्रोजेक्टमध्ये ‘सिलेक्ट्स’ नावाचा हा सिक्वेन्स असतोच. रिझॉल्व्हमध्येही मार्कर M वरच आहे आणि सिलेक्ट्सची टाइमलाइन करण्याची पद्धत तिथेही चालते. दोन सॉफ्टवेअरमध्ये ये-जा करणाऱ्यांनी Q आणि W कडे लक्ष द्यावं. फायनल कटमध्ये Q शॉट वर जोडतं आणि W मध्ये घुसवतं, प्रीमियरमध्ये याच कळा प्लेहेडच्या आधीचा आणि नंतरचा भाग कापून मधली पोकळी बंद करतात. सवयीने दाबलेली कळ तिथे तुमचा शॉट कापून टाकते, आणि टाइमलाइन अचानक आखूड झालेली दिसली की पहिला हात Command-Z वर गेला पाहिजे.

एक गोष्ट या सगळ्याने होत नाही. शेरे देऊन झाल्यावर तुमचा विचार बदलला, एखादा तुकडा नंतर नापसंत केलात, तर टाइमलाइनवर आधीच गेलेली क्लिप तशीच राहते. शेरा फक्त ब्राउझरमधली निवड सांगतो. टाइमलाइनवरची क्लिप मूळ फुटेजमध्ये कुठे आहे हे बघायचं असेल तर तिच्यावर Shift-F दाबा. ब्राउझरमध्ये ती क्लिप समोर येते आणि आजूबाजूला आणखी काय होतं तेही दिसतं. एखादी बाईट अर्धवट वाटली तर पुढचं वाक्य घ्यायला हा मार्ग सर्वांत जवळचा.

उद्याचं फुटेज आलं की सगळ्या कळा एकदम वापरायला जाऊ नका. पहिले काही दिवस फक्त I, O, F आणि नापसंतीचं Delete एवढंच करा, टाइमलाइनवर जुन्या पद्धतीनेच कापा. तेवढ्यानेही मुलाखत दुसऱ्यांदा पूर्ण ऐकण्याची वेळ येत नाही. मार्कर त्यानंतर घ्या.